पोर्ट केलेल्या पॉलिसीवर जुनी वर्षे छापा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

आरोग्य विमा पॉलिसी पोर्ट करण्याची सोय २०११पासून आहे. तरी जुन्या कंपनीकडे काढलेली वर्षे नव्या पॉलिसीत नेमकी किती धरली, हे बहुतेक ग्राहकांना पहिला दावा नाकारला जातो तेव्हाच कळते.

एक हिशेब मांडतो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी घेतलेली ५ लाखांची पॉलिसी, अर्जात मधुमेह सांगितलेला, प्रतीक्षा काळ ३६ महिने. दोन वर्षांत बोनस धरून विमा रक्कम साडेसात लाख झाली. २०२५च्या नूतनीकरणाला ग्राहक दुसऱ्या कंपनीत १० लाखांची, तेवढ्याच प्रतीक्षा काळाची पॉलिसी घेतो. साडेसात लाखांपर्यंत त्याचे २४ महिने धरले जातात आणि १२ उरतात. वाढीव अडीच लाखांना मात्र ३६ महिने पहिल्यापासून. म्हणजे एकाच पॉलिसीत एकाच आजाराला दोन तारखा! आणि शेड्यूलवर यातले काहीच दिसत नाही.

वेळेचेही तसेच. पॉलिसीच्या अटींत सहसा नूतनीकरणाआधी ६० ते ४५ दिवसांत अर्ज करा, असे असते. वरच्या उदाहरणात १७ जुलै ते १ ऑगस्ट. नूतनीकरणाची नोटीस हातात पडेपर्यंत हे दिवस बऱ्याचदा उलटून गेलेले असतात. मग घाईत ‘नवीनच काढून टाका’ असा सल्ला मिळतो आणि मागची सगळी वर्षे पाण्यात जातात. आपल्या २०२४च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा. पण अर्ज पोर्टिंगचा म्हणून नोंदलाच गेला नाही, तर ही मुदत सुरू कुठून व्हायची?

म्हणून आम्ही ग्राहकांना प्रस्ताव अर्जासोबत वेगळे पत्र द्यायला लावतो. त्यातला गाभा असा:

‘माझी पॉलिसी क्र. … दि. … पासून खंड न पडता चालू आहे. बोनससह विमा रक्कम रु. …. ती आपल्याकडे पोर्ट करावी. प्रत्येक सदस्याचा पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ धरून तो पॉलिसीवर लिहून द्यावा.’

सोबत मागच्या सर्व वर्षांची शेड्यूल आणि घेतलेल्या दाव्यांचे डिस्चार्ज कार्ड. मधल्या काळात निघालेला आजारही प्रस्ताव अर्जात लिहावाच लागतो. तो लपवला की पुढे दावा त्याच कारणाने अडतो. आणि होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही, कारण नव्या कंपनीला नकाराचा अधिकार आहे.

आमची मागणी एवढीच: पोर्ट केलेल्या प्रत्येक पॉलिसीच्या शेड्यूलवर सदस्यनिहाय आणि रकमेच्या टप्प्यानुसार प्रतीक्षा काळ संपण्याची तारीख छापणे बंधनकारक करा. शिवाय नूतनीकरणाची नोटीस ७५ दिवस आधी निघावी आणि पोर्टिंगसाठी अर्ज करण्याची शेवटची तारीख तिच्यावर ठळक असावी.

आपले,
आरोग्य विम्याचे काही सल्लागार