लिटरच्या पुडीवर ग्लास कशाला?

संपादक महोदय,

पुड्यांच्या डिझाइनवरचा तुमचा कालचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहितोय. वाचता न येणारं गिऱ्हाईक "ती केशरी, बाळवाली द्या" असंच मागतं, नाव कोणी घेत नाही, हे लेखकाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण पुडी ओळखून घरी नेल्यावर पुढे काय, त्यावर एक ओळ नाही हो!

मी वीस वर्षं पुड्यांची डिझाइनं करतो. एकदा ओआरएसच्या दोन पुड्या आल्या, मोठी 1 लिटर पाण्याची आणि छोटी 200 मिलीची. कंपनीला दोन्ही एकाच घरातल्या दिसायला हव्या होत्या, म्हणून तोच केशरी रंग, तीच आई आणि बाळ, तोच ग्लास, फरक फक्त कोपऱ्यातल्या आकड्यात, आणि मीही तसंच करून दिलं. छापायच्या आधी गावातल्या काही बायकांसमोर मोठी पुडी, बाटली, ग्लास, तांब्या ठेवला आणि म्हटलं, काही न विचारता करून दाखवा. बहुतेकींनी अख्खी पुडी ग्लासात ओतली. का, विचारलं तर एकीनं चित्रातल्या ग्लासावर बोट ठेवलं, "इथंच तर दाखवलंय की." लिटरचं मीठ-साखर ग्लासात म्हणजे जवळपास पाचपट दाट, त्यानं आतड्यात उलट पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं, आणि हे सगळं आधीच सुकलेल्या लेकराला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आधी ग्लासावर लाल फुली मारून बघितली. ती फुली एकीला दवाखान्याची खूण वाटली. मग मोठ्या पुडीवरून ग्लास काढूनच टाकला आणि पाण्याची लिटरची बाटली घेतली, कारण ग्लास घराघरात वेगळा असतो पण ती बाटली सगळ्यांनी हाताळलेली असते. छोट्या पुडीला ग्लास ठेवला पण रंग हिरवा केला. बाटली पुढच्याच बाजूला आणि खालच्या अर्ध्यात घेतली, कारण माळेत लटकलेल्या पुडीची मागची बाजू कोणी बघत नाही आणि वरची कड तर फाडून फेकूनच देतात, चित्र तिथं असलं की तेही गेलं. तरी घरात अर्ध्या लिटरची बाटली असली की चूक होतेच, तिथं दुकानदारानं तोंडानं सांगणं हाच उपाय.

लेखात ज्या नव्या पुड्यांचं एवढं कौतुक केलंय त्यातली एक तरी कोणाला फोडून, कालवून बघायला दिली होती का? लेखकानं कृपया कळवावं.

आणि अजून एक, रंगांवरचा अख्खा लेख आणि सोबतचे फोटो मात्र काळेपांढरे छापलेत. कुठली पुडी लाल, कुठली निळी, वाचकानं कसं ओळखायचं? ते फोटो रंगीत परत छापा ही विनंती.

पुड्यांची डिझाइनं करणारा तुमचा एक जुना वाचक