एप्रनच्या खिशातल्या पाच चिठ्ठ्या

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मेडिसिनचं पोस्टिंग संपून चार महिने झाले. शेवटच्या दिवशी मी डिस्चार्ज समऱ्यांच्या गडबडीत होते आणि तुम्ही इमर्जन्सीकडे निघाला होतात. जिन्यात "थँक यू मॅडम" एवढंच म्हणता आलं. ते फारच अपुरं होतं. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते ड्यूटी आणि प्रवेश परीक्षा यांच्या कात्रीत सापडलेल्या प्रत्येक इंटर्नच्या उपयोगाचं आहे.

पहिल्या आठवड्यातली ती दुपार तुम्हाला आठवते का, माहीत नाही. राउंड संपला होता, सॅम्पल्स लॅबला गेली होती आणि रिपोर्ट यायचे होते. काउंटरपाशी उभी राहून मी जाडजूड पुस्तक वाचत होते. तुम्ही दोनदा बाजूने गेलात, तिसऱ्यांदा थांबलात आणि म्हणालात, "पुस्तक मिट आणि या पानावर काय आहे ते सांग." ते पान मी वीस मिनिटं वाचत होते. मध्ये दोनदा हाक आली होती, परत येऊन दोन्ही वेळा वरपासून सुरुवात केली होती. निम्म्याहून जास्त ओळी पिवळ्या रंगवल्या होत्या. तरी "पोटॅशियम वाढलं की ईसीजी बदलतो" यापलीकडे मला एक वाक्य सांगता आलं नाही.

तुम्ही रागावला नाहीत. एका कोऱ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून ती माझ्यापुढे सरकवलीत: "हायपरकलेमियात कॅल्शियम ग्लुकोनेट दिल्यावर रक्तातलं पोटॅशियम किती उतरतं?" मी म्हणाले, थोडंसं. तुम्ही चिठ्ठी उलटी केलीत. मागे लिहिलं होतं, "अजिबात नाही. ते फक्त हृदयाच्या स्नायूला सांभाळतं." ते उत्तर मी आजवर विसरलेले नाही. त्या पानावर तेच वाक्य पिवळ्या रंगात होतं, आणि तरीही मला ते आलं नव्हतं.

मग तुम्ही माझ्या दहा मिनिटांचा हिशेब मांडलात. पहिली दोन-तीन मिनिटं पान शोधण्यात, पुढची दोन-तीन "आता काय वाचू" या विचारात, उरलेली आधी वाचलेलंच परत वाचण्यात. म्हणून काय वाचायचं ते वॉर्डात ठरवायचं नाही, आदल्या रात्री ठरवायचं. पाच चिठ्ठ्या, समोर एक प्रश्न, मागे एक उत्तर, रबरबँड लावून एप्रनच्या खिशात. फोनवर आठ मिनिटांचा टायमर, व्हायब्रेटवर. पंचवीस मिनिटांची बैठक मी आधी करून पाहिली होती, ती वॉर्डात एकदाही पूर्ण झाली नाही. आठ मिनिटांची बहुतेक वेळा होते.

माझी पहिली चिठ्ठी तुम्ही परत केलीत. समोर "हायपरकलेमियाची ट्रीटमेंट" आणि मागे नऊ ओळी. तुम्ही विचारलंत, "यातल्या सहा आठवल्या तर ही बरोबर धरायची की चूक?" मला उत्तर देता येईना. मग आपण दोघींनी त्या एका चिठ्ठीच्या पाच केल्या. ईसीजीत बदल असतील तर पहिलं औषध कोणतं आणि ते कशासाठी? त्याचा परिणाम किती टिकतो? (30 ते 60 मिनिटं.) इन्सुलिनची 10 युनिट्स 25 ग्रॅम ग्लुकोजबरोबर दिली की पोटॅशियम जातं कुठे? (पेशींच्या आत. शरीरातलं एकूण पोटॅशियम तेवढंच राहतं, ते बाहेर काढायची सोय वेगळी करावी लागते.) इन्सुलिननंतर कशावर लक्ष ठेवायचं आणि किती वेळ? (शुगर, निदान सहा तास.) आणि पाचवी: पोटॅशियम खूप जास्त, पण पेशंट छान बसलाय आणि ईसीजी नॉर्मल आहे, तर आधी कसली शंका घ्यायची? (सॅम्पल हिमोलाइज झालं असेल.)

उत्तर मनात म्हणायचं नाही, चिठ्ठी उलटण्याआधी टाकाऊ कागदावर लिहायचं, ही तुमची अट मला सुरुवातीला जाचक वाटली. दोन दिवसांत तिचं कारण कळलं. मनातलं उत्तर लवचिक असतं, चिठ्ठी उलटली की "हेच तर मला म्हणायचं होतं" असं वाटतं. कागदावर "थोडंसं" लिहिलं असेल तर ते थोडंसंच राहतं. तेव्हाच तुम्ही 2006 सालच्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. माझं काय चुकत होतं ते मला तिथे समजलं. वाचून झाल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटायचं आणि त्या वाटण्यालाच मी अभ्यास समजत होते.

आता एक चूक सांगते, जी तुमच्यापासून बरेच दिवस लपवली होती. एका सुट्टीच्या दिवशी उत्साहाच्या भरात मी पुस्तकातून उतरवून साठ चिठ्ठ्या केल्या. उजळणीचा क्रम तुम्ही दिलेलाच होता: दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी, प्रत्येक टप्प्याचा एक कप्पा, आणि चुकलेली चिठ्ठी परत पहिल्या कप्प्यात. चार दिवसांत खिशात गठ्ठा मावेना. मी लिहिणं सोडून नुसत्या चिठ्ठ्या उलटायला लागले. म्हणजे पुन्हा तेच, डोळे फिरवणं, फक्त पुस्तकाऐवजी चिठ्ठ्यांवरून. तुम्ही माझा टाकाऊ कागद मागितलात, तो कोरा होता आणि तुम्हाला सगळं कळलं. त्या दिवसापासून रोज नव्या चिठ्ठ्या पाचच, आणि त्याही त्या दिवशी वॉर्डात अडलेल्या किंवा सराव प्रश्नांत चुकलेल्या गोष्टींवरच. इतर कुणाला सांगायचं झालं तर मी हाच नियम आधी सांगेन. कागद कोरा दिसला की समजावं, चिठ्ठ्या जास्त झाल्या आहेत.

हाक आली की काय करायचं, हेही तुम्ही ठरवून दिलं होतं. चिठ्ठी अर्धवट राहिली तर तिच्यावर पेन्सिलीने तीन-चार शब्द, "पुढे: इन्सुलिन कुठे नेतं", आणि लगेच उठायचं. अपुरं काम डोक्यात रेंगाळलं की पुढच्या कामावरचं लक्ष कमी होतं. उलट बाजूही तितकीच खरी होती. चिठ्ठ्या काढण्याआधी राहिलेली कामं लिहून टाकायची: सात नंबरची कॅन्युला, बारा नंबरचा रिपोर्ट. नाहीतर हातात चिठ्ठी आणि मन कॅन्युलापाशी. आणि तीन वेळा चिठ्ठी खिशातून निघणारच नाही: हँडओव्हर चालू असताना, डोस मोजताना, आणि कुठलाही पेशंट अस्थिर असताना. यावर तुम्ही कधीच सूट दिली नाहीत.

शेवटच्या आठवड्यातल्या त्या रात्रीबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. लॅबचा फोन आला, पोटॅशियम 6.8. ऑन-कॉल सरांना कळवलं, दुसरं सॅम्पल पाठवलं, ईसीजी काढला. टी वेव्ह उंच आणि क्यूआरएस रुंद होता. सॅम्पल हिमोलाइज झाल्याची शंका घ्यायची ती ईसीजी नॉर्मल असताना. इथे दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहायची नव्हती. सरांनी लगेच कॅल्शियम द्यायला सांगितलं. नंतर दुसरा रिपोर्ट जवळजवळ तेवढाच आला तेव्हा माझा सहकारी घाबरला, कॅल्शियम कामच करत नाही म्हणाला. मी त्याला ईसीजीची नवी पट्टी दाखवली, क्यूआरएस अरुंद झाला होता. कॅल्शियमचा दुसरा डोस लागतो का ते ईसीजी सांगतो, पोटॅशियमचा आकडा नाही. इन्सुलिन दिल्यावर मी दर तासाला शुगर बघत होते. तिसऱ्या तासाला ती 61 निघाली आणि सरांनी वेळेत डेक्स्ट्रोज चालू केलं. चौथी चिठ्ठी, मॅडम. ती आठवण्यासाठी मला थांबावंही लागलं नाही.

सगळंच चिठ्ठ्यांवर बसतं असं मात्र नाही, आणि हेही तुम्ही वेळेत सांगितलंत. ॲसिड-बेस मी चिठ्ठ्यांवर दोन आठवडे घासलं. सुटे आकडे पाठ झाले, पण समोर एबीजी आला की हात थांबायचा, कारण त्यात पाच पायऱ्या एकामागून एक येतात आणि एकीचं उत्तर दुसरीत लागतं. तुम्ही म्हणालात, "हे टेबलाशी बसून कर. आठवड्यात एकदा, एक तास, पाच एबीजी पेनाने सोडव. जिथे अडशील तिथलीच चिठ्ठी कर." म्हणजे समजून घेणं त्या तासात आणि टिकवणं आठ मिनिटांत. नाइटनंतरच्या सकाळी मात्र काहीच नाही, सरळ झोप. एकदा तुमचं न ऐकता नाइटनंतर बसले. पंधरापैकी अकरा चुकल्या, आणि त्यातल्या आठ दुसऱ्या दिवशी न वाचताच आल्या.

सध्या सर्जरीत आहे. इथे मोकळा वेळ दोन केसेसच्या मध्ये, ओटीबाहेरच्या बाकावर मिळतो. एप्रन चेंजिंग रूममध्ये लटकतो, म्हणून चिठ्ठ्या आता स्क्रबच्या खिशात असतात. नव्या बॅचच्या दोघींना मी तुमची पद्धत दाखवली. त्यांच्या पहिल्या चिठ्ठ्यांच्या मागे दहा-दहा ओळी होत्या, आम्ही तिघींनी बसून त्या तोडल्या.

तुम्ही स्वतः दिवसभर पायांवर असायचात, आणि त्यातूनही माझ्यासाठी थांबून रोज संध्याकाळी माझा टाकाऊ कागद बघायचात. त्या वेळेबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

अल्ब्युमिन कमी असताना ॲनायन गॅपमध्ये करायची दुरुस्ती परवा तिसऱ्यांदा चुकली. ती चिठ्ठी आज पुन्हा पहिल्या कप्प्यात आहे.

तुमची,
वॉर्डातली जुनी इंटर्न