बंडखोरांच्या हिशेबातली तीस माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अंतराळातल्या महाकथांवर लेख आला होता. साम्राज्य म्हणजे काळं, बंडखोर म्हणजे पांढरं, त्यामुळे नैतिक पेच असा तिथे उरतच नाही, असं त्यात म्हटलं होतं. १९७७च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’पुरतं ते बरंचसं खरं आहे. आपल्या अस्त्राचा धाक बसावा म्हणून साम्राज्य एक अख्खा ग्रह उडवून देतं. त्यानंतर कोणाची बाजू घ्यायची, याचा विचार प्रेक्षकाला करावाच लागत नाही. पण त्याच विश्वातली ‘अँडोर’ ही मालिका (पहिलं पर्व २०२२, दुसरं २०२५) लेखकाने विचारात घेतलेली दिसत नाही. पेच कसा उभा राहतो हे तिथे इतकं स्वच्छ दिसतं की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

लुथन रेल हा राजधानीत जुन्या मौल्यवान वस्तूंचं दुकान चालवतो आणि त्याआडून बंडाची सूत्रं हलवतो. त्याची माणसं अल्डानी नावाच्या ग्रहावर साम्राज्याच्या सैनिकांचे पगार लुटतात. रक्कम आठ कोटी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. १९०७ साली जॉर्जियातल्या तिफ्लिसमध्ये बोल्शेविकांनी बाँब टाकून बँकेची रोकड लुटली होती आणि त्यामागे तरुण स्टालिन होता. मालिकेचे कर्ते टोनी गिलरॉय यांनी त्या घटनेचा उल्लेख मुलाखतीत केला आहे. लुटीनंतर साम्राज्य चवताळतं. नवा हुकूम निघतो, शिक्षा वाढतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही उचलून आत टाकलं जातं. बंडाला छुपा पैसा पुरवणारी सिनेटर मॉन मॉथमा लुथनला जाब विचारते, यात सामान्य माणसं भरडली जातील त्याचं काय? त्यावर तो सरळ सांगतो की तेच तर हवंय. जाच वाढल्याशिवाय लोक उठणार नाहीत, असं त्याचं गणित आहे. साम्राज्य लोकांना घाबरवण्यासाठी छळतं आणि हा बंडखोर तोच छळ लोकांना पेटवण्यासाठी वापरतो. दोघांची उद्दिष्टं पूर्ण विरुद्ध आहेत, पण मार खाणारा माणूस तोच आहे. पेच सुरू होतो तो इथे.

पुढचा प्रसंग याहून कठीण आहे. अँटो क्रीगर नावाचा एक बंडखोर नेता स्पेलहाऊसच्या वीजकेंद्रावर हल्ला करणार असतो. त्याच्या बरोबर तीस माणसं आहेत. साम्राज्याच्या सुरक्षा खात्याने त्याचा एक वैमानिक पकडलेला आहे, त्यांना बेत कळला आहे आणि ते सापळा लावून बसले आहेत. त्याच खात्यात लॉनी हा लुथनचा खबऱ्या अनेक वर्षं मुरलेला आहे. तोच ही बातमी आणतो. क्रीगरला सावध करावं, तर खात्यात फितूर आहे हे उघड होतं आणि लॉनी संपतो. गप्प बसावं, तर तीस माणसं मरतात. लुथन गप्प बसतो.

इथे विचारसरणीचा मुद्दा येतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बंडखोर म्हणजे एकच गट नव्हे. कोणी साम्राज्याआधीच्या प्रजासत्ताकाचे, कोणी त्यातून फुटू पाहणारे फुटीरवादी, कोणी आणखी काही. वेगळा तळ ठोकून राहिलेला दुसरा बंडखोर नेता सॉ गरेरा आधी क्रीगरला मदत द्यायला साफ नकार देतो, कारण क्रीगर फुटीरवादी. पुढे तो कसाबसा तयार होतो, तेव्हा नेमका लुथनच त्याला थांबवतो आणि सगळं सांगून टाकतो. सॉ आधी भडकतो, क्रीगरला परत बोलवा म्हणतो. शेवटी व्यापक हिताच्या नावाखाली मान डोलावतो. त्या खोलीत या दोघांनी तीस माणसांच्या मरणाचा निर्णय घेतला आणि त्या तिसांपैकी त्यांचा स्वतःचा एकही नव्हता. मरणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. शत्रू एक असूनही ध्येय वेगळं असलं की कोणाचा बळी द्यायचा हे किती सोपं होऊन बसतं, ते इथे दिसतं.

साम्राज्याची बाजूही मालिकेने तितक्याच बारकाईने मांडली आहे. सापळा यशस्वी होतो, क्रीगरची सगळी माणसं मारली जातात. कैद्यांकडून माहिती काढता आली असती, म्हणून डेड्रा मीरो ही अधिकारी वैतागते. पण वरिष्ठांना अल्डानीची नामुष्की धुऊन काढायची होती. दहशतीवर चालणारी सत्ता स्वतःचंच नुकसान कसं करून घेते, हे त्या छोट्याशा संवादात कळतं. लुथनने लोकांच्या दुःखाचा हिशेब मांडला, पण निदान ते दुःख आहे हे त्याला दिसत होतं. या खात्याला समोर माणूस दिसतच नाही. दोघांत फरक कुठे आहे असं कोणी विचारलं, तर मी तो इथे दाखवेन.

आणि तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती मालिकेवरच आहे. दुसऱ्या पर्वात लॉनी साम्राज्याच्या महाअस्त्राची बातमी आणतो. स्वतःला आणि बायको-मुलीला सुरक्षित जागी हलवा, एवढंच तो मागतो. बातमी घेतल्यावर लुथन त्याला ठार करतो. ज्याच्यासाठी तीस माणसं गमावली, तोही गेला. पण त्याची बातमी बंडखोरांपर्यंत पोचते आणि पुढे १९७७च्या चित्रपटात ते अस्त्र नष्ट होतं. म्हणजे लुथनचा जुगार बरोबर ठरतो. ही आधीची गोष्ट नंतर सांगितलेली असल्यामुळे शेवट आपल्याला पाठ आहे, आणि त्या शेवटाच्या उजेडात लुथनचं प्रत्येक पाप थोडं फिकं दिसतं. निर्णय घेताना लुथनला तो शेवट ठाऊक नव्हता. तीस माणसं गेल्यावर लॉनी महिनाभरात पकडला गेला असता तर? ही शक्यता प्रेक्षकाने स्वतःच मनात धरावी लागते, मालिका ती धरू देत नाही.

बंडखोरांना काय परत आणायचं आहे, हेही जाता जाता पाहायला हवं. त्यांना प्रजासत्ताक हवं आहे. आधीच्या चित्रपटांत याच प्रजासत्ताकाच्या सिनेटने एका माणसाला आणीबाणीचे अधिकार दिले आणि २००५च्या चित्रपटात त्याने साम्राज्याची घोषणा केली तेव्हा टाळ्या वाजवल्या. ती सिनेट पुन्हा तशीच वागणार नाही याची हमी काय, यावर बंडाच्या नेत्यांत फारशी चर्चा कधी होताना दिसत नाही. मॉन मॉथमासारख्या सिनेटमधल्या बाईकडून तरी ती अपेक्षा होती.

क्रीगरच्या माणसांचं मरण मालिकेत प्रत्यक्ष दाखवलेलं नाही, नुसती बातमी ऐकू येते. ज्यांना लुथनने हिशेबातल्या आकड्यासारखं वागवलं, ते आपल्यालाही आकडा म्हणूनच भेटतात. त्यातल्या एकाला जरी हल्ल्याच्या आदल्या रात्री पाच मिनिटं बोलताना दाखवलं असतं, तर लुथनची बाजू घेणं मला इतकं सोपं गेलं नसतं.

आपला,
एक नियमित वाचक,
सांगली