नुसतं पाणी पाजून भागत नाही

नागपूर, नवतपा

प्रिय दिलीप,

तुझं पत्र पोचलं. यवतमाळला कापसाच्या गाठींच्या गोदामांना आगी लागतात, तेव्हा बंबावरच्या पोरांना पाणी किती पाजायचं, असं विचारलंस. सांगतो, पण पाणी हा त्यातला सोपा भाग आहे.

कापसाच्या गाठीचं तुला ठाऊकच आहे. वरून विझली तरी पोटात धुमसत राहते. मग जेसीबीनं एकेक गाठ ओढायची, फोडायची, भिजवायची. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून सगळे निवांत होतात, आणि माणसं पडतात ती नेमकी तेव्हा. बाहेर ४५ अंश, अंगावर फायर सूट, पाठीवर श्वासाच्या हवेच्या सिलिंडरचा बीए सेट. घाम येतो, पण सुटाच्या आत तो सुकतच नाही, आणि सुकला नाही तर थंडावा कुठून येणार? शरीरातलं पाणी जातं, उष्णता मात्र आतच राहते.

मागच्या आगीत गोदामातलाच वजनकाटा होता, म्हणून एकाला चड्डी-बनियनवर मोजून आत पाठवलं. जाताना ७२ किलो, दीडेक तासानं अंग पुसून मोजला तर साडेसत्तर. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे घाम गेला दोन लिटर. आतडी तासाला साधारण लिटरभर पाणी शोषतात, त्यामुळे कामाच्या धबडग्यात ही तूट पूर्ण भरून निघत नाही. आम्ही आत जाण्याआधी अर्धा लिटर देतो, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. तासाला दीड लिटरच्या वर नाही. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. बघणाऱ्याला ऊन लागल्यासारखंच वाटतं आणि तो आणखी पाणी पाजतो! काम लांबलं की ओआरएस द्यायचं, पण एक लिटरच्या पुड्याला एक लिटर पाणी, बाटलीत अंदाजानं नाही.

आता विश्रांती. अमेरिकेतलं एनएफपीए १५८४ हे अग्निशमनाचं मानक सांगायचं की अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले की माणूस बाहेर, आणि किमान वीस मिनिटं बाहेरच. आपल्याकडे बाहेर म्हणजे बंबाच्या सावलीत सूट घालूनच बसणं. त्या वीस मिनिटांचा काही उपयोग नाही. कोट पूर्ण काढायचा, पँट गमबुटापर्यंत खाली सारायची, हुड काढायचा, हात-तोंड काजळी जाईस्तोवर धुवायचं. मग कोपरापर्यंतचे दोन्ही हात गार पाण्याच्या टबात. हातातलं रक्त गार होऊन आत जातं, म्हणून हा उपाय दमट हवेतही चालतो. कूलर मे महिन्यात झकास, पण जूनमध्ये एक सर पडली की त्याचं काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको. बंबाच्या टाकीतलं पाणी दुपारी कोमट असतं, उन्हात पडलेल्या होजमधलं तर चटका देतं. म्हणून बर्फ आगीच्या वर्दीबरोबरच मागवायचा, माणूस पडल्यावर नाही.

परत कोण जाणार, हे त्याला विचारून ठरवायचं नाही. आम्ही नाडी बघतो. वीस मिनिटांनी ती ११०च्या वर असेल तर तो बसून राहतो, मग कितीही कुरकुर करो.

त्या दिवशी एक पोरगा लग्नाच्या सुट्टीवरून नुकताच आला होता. उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती सुटतेही तशीच लवकर. गडी तब्येतीनं सगळ्यांत दणकट. बाहेर आला, “मले काही नाही झालं, साहेब,” म्हणाला, पण हनुवटीचा पट्टा त्याला सुटेना. बोटं बकलावरून नुसती घसरत होती. मी होजच्या तोंडाशी, ब्रांचवर, कोण आहे विचारलं, तर माझ्यावरच खेकसला. घाम मात्र धो धो वाहत होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हे मनातून काढून टाक. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. बोलणं-वागणं बदललं की थर्मामीटरची वाट बघायची नाही, काखेतला किंवा तोंडातला आकडा फसवतोही.

सूट उतरवला, ताडपत्रीवर निजवला, चौघांनी कडा उचलून धरल्या, आत पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहिलो. डोकं एकानं वर धरलं होतं. तोंडात काही घातलं नाही, शुद्ध डळमळीत असताना पाणी श्वासनळीत जातं. अँब्युलन्स आली तरी आधी गार केलं, मग हलवलं. तो नीट बोलायला लागला तरी दवाखान्यात पाठवलाच, कारण मूत्रपिंड आणि यकृताला बसलेला मार रक्ताच्या तपासणीतच कळतो. पुढचे काही आठवडे त्याला आगीवर घेतलं नाही. त्याचा माझ्यावर राग आहे, असू दे.

तुझ्याकडे रात्री बर्फ कुठून मिळतो ते आधी बघून ठेव, कारखान्याच्या चौकीदाराचा नंबर घे. आणि दोन मोठे टब माझ्याकडे जास्तीचे आहेत, येणाऱ्या गाडीबरोबर पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण