सूचना: 10 हजेऱ्यांच्या पासची मुदत तपासून घ्या

सकाळ-संध्याकाळच्या योगवर्गाच्या सर्व सभासदांना,

या शनिवारपर्यंत (सकाळी 6 ते 8) आपले पासकार्ड काउंटरवरच्या नोंदवहीशी ताडून घ्यावे. पास 10 हजेऱ्यांचा किंवा 60 दिवसांचा. जे आधी संपेल तिथे पास संपतो.

मुदत पैसे भरल्यापासून नव्हे, पहिल्या हजेरीपासून मोजतो आणि तो दिवसही धरतो. पहिला शिक्का 3 नोव्हेंबरचा असेल, तर शेवटचा दिवस 1 जानेवारी. बरेच जण ‘दोन महिने’ धरून 3 जानेवारीला येतात आणि दोन हजेऱ्या हकनाक बुडतात. म्हणून पहिल्याच दिवशी शेवटची तारीख कार्डाच्या मागे पेनाने लिहून घ्या.

जुना पास शिल्लक असताना नवा घेतला तरी चालेल, पण शिक्का जुन्यावरच मारून घ्या. चुकून नव्यावर पडला की त्याचेही 60 दिवस सुरू होतात आणि दोन्ही पास एकदम झिजतात. असे झाल्यास त्याच दिवशी सांगा, शिक्का रद्द करू. आठवड्याने कोणालाच नीट आठवत नाही.

- वर्ग आमच्याकडून बंद राहिला, तर तेवढे दिवस मुदतीत वाढतील.
- जागा राखून येणार नसाल, तर आदल्या रात्री 9 पर्यंत कळवा. नाहीतर हजेरी धरली जाईल.
- आजारपणासाठी मुदतवाढ एकदाच, 15 दिवसांची. अर्ज मुदत संपण्याआधी हवा.

– वर्ग व्यवस्थापक