स्पेन उधळा नव्हता, तरीही बुडाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिक्स देशांच्या समान चलनाच्या कल्पनेवर आपल्या अंकात आलेल्या एका पत्रात युरोचा दाखला दिला होता. दक्षिण युरोपातल्या देशांनी अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत म्हणून ते गोत्यात आले, शिस्त पाळली तर समान चलन कुठेही चालेल, असा त्या पत्राचा सूर होता. मी बी. कॉम.च्या मुलांना जवळपास तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. हा समज वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी मांडायचेच. ग्रीसपुरते त्यात तथ्य आहे. स्पेनच्या बाबतीत मात्र तो साफ चुकीचा आहे, म्हणून स्पेनबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

२००७ साली स्पेनच्या सरकारवरचे कर्ज जीडीपीच्या साधारण ३६ टक्के होते, जर्मनीचे ६० टक्क्यांच्या वर होते. स्पेनचे अंदाजपत्रक सलग तीन वर्षे शिलकी होते. युरोच्या नियमांतली तुटीची ३ टक्क्यांची मर्यादा त्या दशकात तोवर जर्मनीने अनेकदा ओलांडली होती, स्पेनने नाही. म्हणजे शिस्तीच्या परीक्षेत स्पेन वर्गात वरच्या नंबरात होता. त्याच स्पेनमध्ये २०१३च्या सुरुवातीला काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांत एकाहून जास्त बेकार होता, आणि पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या मुलामुलींमध्ये तर निम्म्याहून अधिक. हे कसे घडले?

याचे उत्तर रॉबर्ट मंडेल या कॅनडियन अर्थतज्ज्ञाने १९६१ साली, युरोच्या अडतीस वर्षे आधी, एका छोट्या निबंधात देऊन ठेवले होते. त्याचा प्रश्न साधा होता: एक चलन किती मोठ्या प्रदेशाने वापरावे? समजा एका प्रदेशात मोटारी बनतात, दुसऱ्यात लाकूड निघते, आणि लोकांची मागणी लाकडाकडून मोटारींकडे वळली. एकीकडे महागाई, दुसरीकडे बेकारी. दोघांची चलने वेगळी असतील तर लाकूडवाल्यांचे चलन घसरते, त्यांचा माल स्वस्त होतो आणि तोल सावरतो. चलन एकच असेल तर हा मार्ग बंद. मग एक तर कामगारांनी लाकडाचा प्रदेश सोडून मोटारींच्या प्रदेशात जायला हवे, नाही तर मजुरी आणि किमती खाली यायला हव्यात. पुढे १९६९ साली पीटर केनेन याने त्यात आणखी एक वाट जोडली: दोन्ही प्रदेशांचा खजिना सामाईक असेल, तर चांगले चाललेल्याचा कर अडचणीतल्याकडे आपोआप वळतो. ज्या प्रदेशात या वाटा पुरेशा मोकळ्या आहेत, तेच एका चलनाला योग्य असे 'इष्टतम चलनक्षेत्र'. पुढे मंडेल स्वतः युरोचा खंदा समर्थक झाला, पण निबंधातली अट त्यामुळे सैल झाली नाही.

आता स्पेनकडे. १ जानेवारी १९९९ला युरो आला आणि व्याजदर ठरवण्याचा अधिकार माद्रिदहून फ्रँकफर्टला गेला. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २००३ ते डिसेंबर २००५ अशी अडीच वर्षे आपला मुख्य दर २ टक्क्यांवर ठेवला. जर्मनी तेव्हा मरगळला होता, महागाई दोन टक्क्यांच्या आत होती आणि त्याला याहूनही स्वस्त पैसा चालला असता. स्पेनमध्ये महागाई तीन टक्क्यांच्या वर होती. दोन टक्क्यांनी पैसा मिळतो आणि किमती तीन टक्क्यांनी वाढतात, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला उलट बक्षीसच. स्पेनला त्या वेळी कदाचित पाच-सहा टक्के दर लागला असता. पेसेता हे स्वतःचे जुने चलन असते तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने तो लावलाही असता. पण एका बँकेचा दर एकच असतो, आणि तो सरासरीला बेतलेला असतो. चाळिशीच्या माणसाला आणि दहा वर्षांच्या मुलाला एकाच मापाचा सदरा शिवावा, तसे ते झाले.

स्पेनमधली बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजाची होती आणि युरिबोर या युरोपीय बँकांच्या आपसातल्या व्याजदराला जोडलेली होती, त्यामुळे फ्रँकफर्टचा स्वस्त दर थेट घराघरांत पोचला. घरांच्या किमती काही वर्षे दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात वाढत होत्या. सगळा देशच जणू बांधकामाला लागला. २००७ पर्यंत दर आठ कामकऱ्यांतला एक बांधकामावर होता. माद्रिदच्या दक्षिणेला सेसेन्या नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या माळावर एका बिल्डरने तेरा हजारांवर फ्लॅट बांधायला घेतले. जेमतेम पाच हजार उभे राहिले, आणि त्यातलेही कित्येक वर्षानुवर्षे रिकामे होते. त्या वसाहतीचे फोटो मी वर्गात दाखवायचो: रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, ओळीने इमारती, आणि गॅलरीत एकही कपडा वाळत घातलेला नाही. बांधकामाला लागलेला पैसा बराचसा जर्मन आणि फ्रेंच बँकांतून आला होता. स्पेनचे सरकार उधळे नव्हते. कर्ज काढले होते बिल्डरांनी, बँकांनी आणि कुटुंबांनी, आणि फ्रँकफर्टचा दर त्यांना त्यासाठी रोज आवतण देत होता.

या सगळ्यात मजुरी आणि किमती जर्मनीपेक्षा वेगाने वाढत गेल्या, स्पॅनिश माल महागला आणि २००७ पर्यंत चालू खात्यातली तूट जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या आसपास पोचली. २००८ साली फुगा फुटला. आता मंडेलच्या वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट अवमूल्यनाची. १९९२-९३च्या मंदीत स्पेनने पेसेतेचे तीनदा अवमूल्यन केले होते, १९९५ साली आणखी एकदा. ते फुकट नव्हते. तेव्हाही बेकारी २४ टक्क्यांपर्यंत गेली होती आणि आयात महागली होती. पण निर्यात लवकर उभी राहिली आणि वाढही लवकर परतली. २००८ नंतर मोडायला पेसेताच उरली नव्हती.

दुसरी वाट मजुरी उतरण्याची. 'अंतर्गत अवमूल्यन' असे तिला भारदस्त नाव आहे. चलन घसरले की सगळ्यांची मजुरी परदेशी मालाच्या तुलनेत एका रात्रीत उतरते, कुणाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. चलन अडकलेले असेल तर प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक माणसाचा पगार कापावा लागतो. २०१० साली स्पेनने सरकारी नोकरांचे पगार सरासरी पाच टक्क्यांनी कापले. खासगी मालक मात्र पगार कापण्याआधी कंत्राटी माणसे काढून टाकतात, आणि तिथे तसेच झाले. यातली खरी मेख कर्जात आहे. समजा एखाद्याला महिना १५०० युरो पगार आहे आणि घराचा हप्ता ६०० आहे, म्हणजे पगाराच्या ४० टक्के. पगार दहा टक्क्यांनी उतरून १३५० झाला तर हप्ता उतरत नाही. तो आता ४४ टक्के होतो. मजुरी जितकी खाली आणाल तितके कर्ज जड होते, लोक खर्च आवळतात, दुकानदार माणसे काढतो. त्यात स्पेनच्या कायद्याने घराची किल्ली बँकेला दिली तरी कर्ज सुटत नाही. घर लिलावात स्वस्तात गेले की उरलेली रक्कम कर्जदाराच्या मानगुटीवर कायमच. घर गेले आणि हप्ताही राहिला, अशी कित्येक कुटुंबे तेव्हा रस्त्यावर मोर्चे काढत होती.

तिसरी वाट माणसांनी हलण्याची. माझी भाची तेव्हा जर्मनीत नोकरीला होती. तिच्या ऑफिसात २०१२ साली स्पेनहून एक इंजिनिअर आला. गावी जर्मनच्या शिकवण्या लावून, दीड वर्ष घासून, मग त्याला ती नोकरी मिळाली होती. त्याचा थोरला भाऊ गवंडी होता. तो गावीच बसून होता, कारण जर्मन येत नाही, घरावर कर्ज आहे आणि घर घ्यायला गिऱ्हाईक नाही. ओडिशाचा किंवा बिहारचा गवंडी मुंबईच्या गाडीत बसतो तेव्हा त्याचेही हाल असतातच, पण मुकादम ओळखीचा असतो आणि मोडक्यातोडक्या हिंदीवर काम भागते. स्पेनच्या गवंड्याला कायद्याने सबंध युरोप खुला होता, प्रत्यक्षात नव्हता.

राहिला सामाईक खजिना. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक सदस्य देशांच्या उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का. अमेरिकेत त्याच सुमारास नेवाडा राज्यात घरांचा असाच फुगा फुटला. तिथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन वॉशिंग्टनहून येतच राहिली, बेकार भत्त्याचा वाढीव भाग केंद्राने उचलला, बुडालेल्या बँकांच्या ठेवी केंद्रीय विमा महामंडळाने भागवल्या. स्पेनला स्वतःच्या बँका स्वतःच सावराव्या लागल्या, तेही कर आटलेले असताना. शिलकी अंदाजपत्रक दोन वर्षांत मोठ्या तुटीत गेले ते मुख्यतः कर आटल्यामुळे. सरकारी कर्ज हा या आजाराचा परिणाम होता, कारण नव्हे.

आपल्याकडे महाराष्ट्राचा कर दिल्लीला जातो आणि तिथून इतर राज्यांना वाटला जातो, याची तक्रार आपल्याच स्तंभात वरचेवर येते. वाटप किती असावे यावर जरूर भांडावे. पण पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, तसे काहीही युरोकडे नव्हते. हजारो किलोमीटर पसरलेल्या, एकमेकांपासून इतक्या वेगळ्या राज्यांत एक रुपया चालतो, त्यामागे हा वाटा आहे.

सर्वांत जास्त खंत वाटते ती २०११ची. स्पेनमध्ये बेकारी वीस टक्क्यांच्या वर, आणि त्याच वर्षी एप्रिल व जुलैमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर दोनदा वाढवला, कारण युरोक्षेत्राची सरासरी महागाई वाढली होती आणि जर्मनी जोरात होता. तेजीत नको तितके स्वस्त, मंदीत नको तितके महाग. पुढच्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांचे व्याज साडेसात टक्क्यांपर्यंत चढले. ब्रिटनवर तेव्हा स्पेनइतकेच कर्ज होते, तरी त्याला दोन टक्क्यांच्या आत पैसा मिळत होता, कारण वेळ आली तर पौंड छापणारी बँक त्याची स्वतःची होती. त्याच महिन्याच्या २६ तारखेला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये युरो वाचवायला लागेल ते करू असे जाहीर केले आणि रोख्यांचे व्याज उतरू लागले. सामाईक कर्ज काढून सदस्य देशांना मोठे अनुदान देण्याचा निर्णय मात्र करोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये झाला. मंडेलच्या निबंधानंतर एकोणसाठ वर्षांनी.

आता ब्रिक्स. उद्या कच्चे तेल पिंपामागे तीस डॉलरने महागले, तर रशियाच्या तिजोरीत पैसा येईल आणि आपल्या आयातीचे बिल फुगेल. त्या दिवशी समान चलनाचा व्याजदर कुणाकडे पाहून ठरवायचा, आपला रुपया घसरू शकत नसताना आपल्या निर्यातदाराने काय करायचे, आणि रशियाच्या नफ्यातला किती वाटा आपल्याकडे येईल, हे त्या पत्रलेखकांनी सांगावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली