चिमूस, कांद्यावरून

चिमू,

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस की रविवारी कांद्यावरून वाजलं आणि आता तुम्ही ठरवलंय, एकत्र स्वयंपाक करायचाच नाही, एक दिवस तू, एक दिवस निखिल, आणि ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने जेवायचं. सोपं पडतं म्हणालीस. मी पण बरंय म्हणालो आणि फोन ठेवला, पण झोप काही येईना म्हणून हे टाइप करतोय. आईला सांगू नकोस, ती म्हणेल तुम्ही मध्ये पडू नका. एकटी जेवतेस का गं? हे विचारायचं नव्हतं खरं तर.

त्याने कांदा जाड चिरला, तू काही न बोलता सुरी घेतलीस आणि तोच कांदा परत बारीक केलास, बरोबर ना? तुझा स्वभाव मला माहीत नाही का. पण एखाद्याने केलेलं काम त्याच्यादेखत पुन्हा केलं की तो माणूस दुसऱ्या दिवसापासून ओट्याला टेकून मोबाईल बघतो आणि अधूनमधून विचारतो, "काही करू का?" मग तू चिडणार, आणि तेही चूक नाही, कारण काय करायचं, काय संपलंय, आधी काय टाकायचं हे सगळं डोक्यात ठेवणं हेच खरं काम, चिरणं त्यातला सगळ्यात सोपा भाग. "काही करू का" विचारणाऱ्याने ते ओझं तुझ्याच डोक्यावर ठेवलेलं असतं.

तुझ्या आईचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा ती निळ्या स्टुलावर बसून मला सांगायची. तू तेव्हा लहान होतीस, भाऊकाकांकडेच जास्त असायचीस. मी बटाट्याच्या ओबडधोबड फोडी करायचो आणि ती तोंड दाबून बसायची, फक्त तेल धुरावलं की ओरडायची. तिच्या ऑफिसातलं ते बदलीचं प्रकरण मला त्या दिवसांत कळलं, तोवर एकदाही बोलली नव्हती. मला वाटतं समोरासमोर बसून "बोल काय झालंय" म्हटलं असतं तर बोललीही नसती. हात कामात आणि नजर भांड्यात असली की अवघड गोष्ट सहज निघते.

तर माझं म्हणणं एवढंच, पाळी लावा पण दोघं ओट्यापाशी असा. आज निखिल मुख्य असेल तर काय करायचं ते त्यानेच ठरवायचं, फ्रीजमध्ये काय आहे तेही त्यानेच बघायचं, आणि तू मदतनीस. मदतनीसाने सुरी आणि आग सोडून कशावरही शेरा मारायचा नाही. पुढच्या वेळी उलट. साधा भात आणि भाजी धर. आधी तांदूळ धुवून गॅसवर ठेवायचे, मग पंधरा-वीस मिनिटं तिकडे बघावं लागत नाही. तेवढ्यात एकाने चिरायचं आणि दुसऱ्याने कढईपाशी थांबायचं. चिरणाऱ्याने एक पाऊल पुढे राहायचं, म्हणजे कांदा परतला जाईपर्यंत पुढची भाजी तयार. फोडी लहानमोठ्या झाल्या तर मोठ्या आधी टाका, लहान नंतर, सारख्याच शिजतात, परत चिरायची गरजच नाही. गप्पा त्या परतण्याच्या वेळात होतात. शेवटी मीठ एकाने घालायचं, चव दुसऱ्याने बघायची.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तरी हे एक सांगतोच. गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं होतं. "हे बघ ना" सारख्या छोट्या हाकेला जोडीदार वळून ओ देतो का, हे त्यांनी मोजलं. 6 वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी शंभरातल्या 86 वेळा ओ दिली होती, जी वेगळी झाली त्यांनी 33 वेळा. म्हणजे स्वयंपाक केला की संसार टिकतो असं नाही गं, पण "चव बघ जरा" ही तशीच हाक आहे, आणि एकटीने जेवताना ती मारायची कुणाला? झालं, परत तिथेच आलो.

रोज करू नका, दमून आलात की अजिबात नको. भुकेल्या पोटी तर ओट्यापाशी जाऊच नका, आधी काहीतरी खा, निम्मी भांडणं भुकेची असतात. आठवड्यातून दोनदा पुरे. आणि खरंच काही मोठं बिनसलं असेल, कांदा नुसतं निमित्त असेल, तर भाजी परतून ते मिटणार नाही, ते बसून बोला नाहीतर मला सांग. नवी नोकरी, नवीन घर सगळं तू एकटीने निभावलंस, मी सगळ्यांना सांगत सुटतो, म्हणूनच भीती वाटते, तू अडचण सांगत नाहीस. आईवर गेलीस.

निखिलला हे वाचायला दिलंस तरी चालेल, सुरीचा भाग गाळून. आणि रविवारी फोन तूच कर, मी केला की तू सगळं ठीक आहे म्हणतेस.

बाबा